आठवड्याचे वीस तास आणि बारा वह्या : कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

हाताने शिवलेल्या, पुठ्ठा बांधणीच्या वह्या मी एकटीच बनवते, एकटीच विकते आणि हिशेबही एकटीच ठेवते. नोकरी सांभाळून आठवड्याला वीस तास हाती लागतात. सोमवार ते गुरुवार संध्याकाळी अडीच-अडीच तास, शनिवारी सहा, रविवारी चार. शुक्रवारी सुट्टी, ती मी सोडणार नाही.

गेल्या महिन्यात तीन ऑर्डरी उशिरा गेल्या, आणि एका दुकानाकडून पैसे आले की नाही हे बघायला बसले तर त्यांना बिलच पाठवलेलं नव्हतं. वेळापत्रकं आधी दोनदा केली आणि दोन्ही आठवड्याभरात मोडली. दोन्ही वेळा वेळ कुठे जातो ते न बघताच आखली होती. म्हणून या आठवड्यात काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद करायची. टेबलाशेजारी एक कागद चिकटवलाय, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रेघा आखलेला. अक्षरं सहा : ब म्हणजे बनवणं, प पॅकिंग, न निरोपांना उत्तरं आणि विक्री, ख खरेदी, क कागदपत्रं, आणि म म्हणजे मांडामांड, सामान काढणं-ठेवणं-शोधणं. शेवटचं अक्षर मी जवळजवळ वगळलंच होतं.

१२ जानेवारी, रविवार

बेरीज केली. एकूण १९ तास ४० मिनिटं. बनवण्यात ८ तास २० मिनिटं, निरोप आणि विक्री साडेतीन तास, पॅकिंग सव्वातीन तास, मांडामांड २ तास ५ मिनिटं, खरेदी १ तास ५० मिनिटं आणि कागदपत्रं फक्त ४० मिनिटं. वह्या झाल्या सात.

कोणी विचारलं असतं तर मी बेधडक सांगितलं असतं की माझे पंधरा तास वह्या बनवण्यात जातात. निम्म्यापेक्षाही कमी जातात. निरोपांचे साडेतीन तास सलग कुठेच दिसत नाहीत, सगळे पाच-दहा मिनिटांचे तुकडे आहेत आणि त्यातले बरेचसे शिवण मध्येच थांबवून केलेले. मांडामांडीचे दोन तास मात्र मनाला लागले. त्या दोन तासांत दोन वह्या तरी झाल्या असत्या.

१८ जानेवारी, शनिवार

आता एका वहीला किती वेळ लागतो ते मोजायचं. पण एकेका वहीचा वेळ मोजण्यात अर्थ नाही, कारण सामान एकदा मांडलं की एक वही काय आणि बारा काय, मांडणी तेवढीच. म्हणून बारा वह्यांचा एक घाणा धरला आणि प्रत्येक टप्प्यावर घड्याळ लावलं.

माझ्या वहीत आठ फर्मे असतात, प्रत्येक फर्म्यात चार कागद मधोमध दुमडलेले, म्हणजे १२८ पानं. बारा वह्यांचे ९६ फर्मे. घड्या घालून पट्टीने दाबायला ९६ मिनिटं लागली, फर्म्याला बरोबर एक. भोकं पाडायला ४०. शिवायला वहीमागे २२ मिनिटं, बारा वह्यांना ४ तास २४ मिनिटं. पाठीला गोंद लावून जाळीचं कापड चिकटवायला ३६. पुठ्ठे आणि वरचं कापड कापायला ५०, कव्हरं तयार करायला ७२, वही कव्हरात बसवायला ६०, शेवटची तपासणी २४. सगळं मिळून ६४२ मिनिटं, पावणेअकरा तासांना थोडी कमी. वहीमागे साधारण ५४ मिनिटं. मागच्या आठवड्याच्या हिशेबाने वहीला ७१ मिनिटं पडली होती. हात तोच आहे, सतरा मिनिटं तुटक काम करण्यात गेली.

म्हणजे वीसपैकी अकरा तास बनवण्यासाठी राखता आले, तर आठवड्याला बारा वह्या निघतात. वीसच्या वीस तास बनवतच बसले तर वह्या जास्त होतील, पण त्या विकणार कोण आणि बिलं कोण करणार?

२४ जानेवारी, शुक्रवार

सोमवारपासून पहिली आखणी लावली होती : रोज सगळं थोडं थोडं. अर्धा तास निरोप, अर्धा तास कागदपत्रं, दीड तास वह्या. कागदावर छान दिसत होती. गुरुवारपर्यंत मोडली.

बुधवारची संध्याकाळ तशीच्या तशी लिहून ठेवते. साडेसातला टेबलावरची बिलं उचलली, चटई पसरली, सुया, मेण लावलेला दोरा, फर्मे काढले. पावणेआठला शिवायला सुरुवात. दोन वह्या झाल्या, तिसरीचे पाच फर्मे झाले आणि दीड तास संपायला आला. अर्धी शिवलेली वही तशीच ठेवता येत नाही असं नाही, पण दोऱ्याचा ताण सैल पडतो आणि पुढचे फर्मे वेगळ्या ताणाने बसतात. पाठ वाकडी दिसते. म्हणून ती पूर्ण केली. कागदपत्रांचा अर्धा तास गेला. गोंदाचा ब्रश सोमवारचा तसाच राहून दगड झालेला.

तुकड्यातुकड्यांनी होणारी कामं वेगळी आणि सलग लागणारी वेगळी. घडी घालणं केव्हाही थांबवता येतं, शिवण वहीच्या शेवटीच थांबवावी, आणि गोंद एकदा ओतला की लावून संपवावाच लागतो. सगळ्यांना सारखाच अर्धा तास देऊन चालणार नव्हतं.

२६ जानेवारी, रविवार

दुसरी आखणी : एका बसणीला एकच प्रकारचं काम. आज सगळी शिवण एकाच दिवशी उरकायची असं ठरवून नेहमीच्या चार तासांवर थोडा वेळ जास्त बसले. आठव्या वहीनंतर बोटं दुखायला लागली. शेवटच्या चार वह्या उघडून पाहिल्या तर फर्मे हलताहेत, दोरा सैल. त्यातल्या दोन उसवून परत शिवाव्या लागणार. एका बसणीला सहाच वह्या, माझ्या हाताची मर्यादा एवढीच आहे, आणि आखणीने ती धरूनच चालायला हवं.

३० जानेवारी, गुरुवार

या आठवड्याचं गणित असं होतं : मंगळवार-बुधवार कव्हरात बसवणं, गुरुवारी सकाळी कामावर जाताना पार्सलं टाकणं. गोंद वाळेपर्यंत वह्या दाबून ठेवायच्या माझ्या प्रेसमध्ये एका वेळी सहाच मावतात. पहिल्या सहा मंगळवारी रात्री घातल्या, दुसऱ्या सहा बुधवारी रात्री साडेनऊला. गुरुवारी सातला काढल्या, चार बांधून पाठवल्या, दोन टेबलावर राहिल्या. संध्याकाळी घरी येऊन पाहते तर त्या दोघींची कव्हरं आत वळलेली, होडीसारखी.

ज्यांच्याकडे बांधणी शिकले त्या काकांना फोन केला.

"किती तास दाबात होत्या?"

"साडेनऊ."

"अगं, तो गोंद आहे, फोटो काढायचा फ्लॅश नव्हे. पुठ्ठा गालाला लावून पाहिलास का?"

"नाही काका."

"गार लागला तर आत पाणी आहे समज. परत घाल."

कारण त्यांनी पूर्वी सांगितलं होतं, मी विसरले होते. गोंदातल्या पाण्याने कागद आणि कापड फुगतं, वाळताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. बाहेरून कापडाची ओढ, आतून अस्तराच्या कागदाची ओढ. दोन्ही दाबाखाली वाळली तर एकमेकींना तोलून धरतात आणि पुठ्ठा सपाट राहतो. आतलं अस्तर ओलं असतानाच वही मोकळी केली, की ते वाळत वाळत पुठ्ठा आत ओढून घेतं. पूर्ण चोवीस तास दाब, आणि त्यानंतर एखादा दिवस उघड्यावर, तेव्हा कुठे पॅकिंग.

२ फेब्रुवारी, रविवार

ही ठेच लागली म्हणून एक गोष्ट सुचली, नाहीतर मी घड्याळाकडेच बघत बसले असते. आठवड्याची आखणी माझ्या मोकळ्या तासांपासून सुरू करायची नाही, वाळण्याच्या तासांपासून सुरू करायची. वाळायला मी लागत नाही. म्हणजे ते तास रात्रींवर, नोकरीच्या वेळेवर आणि शुक्रवारवर पडले पाहिजेत, आणि मी जागी असते तेव्हा हात लागेल अशीच कामं समोर हवीत.

मग उलटीकडून आखत गेले. सोमवारी बाराही वह्यांच्या घड्या आणि भोकं, २ तास १६ मिनिटं, उरलेल्या वेळात प्रेस रिकामी करणं आणि तातडीचा एखादा निरोप. मंगळवारी सहा वह्या शिवायच्या आणि लगेच पाठीला गोंद, बुधवारी दुसऱ्या सहा. दोन्ही दिवस अडीच तास काठोकाठ. पाठी रात्रीत वाळतात. गुरुवारी वह्यांना हात लावायचा नाही, एक तास निरोप आणि दीड तास कागदपत्रं. शनिवारी कापणं, कव्हरं आणि पहिल्या सहा वह्या कव्हरात बसवून दुपारी प्रेसमध्ये. रविवारी त्या बाहेर, तपासणी, दुसऱ्या सहा आत. त्या सोमवारी संध्याकाळी निघतील. पॅकिंग रविवारी, पण मागच्या आठवड्याच्या बारा वह्यांचं, म्हणजे प्रत्येक वहीला उघड्यावर राहायला भरपूर वेळ मिळतो. पार्सलं सोमवारी सकाळी. आठवड्यातून एकदाच.

फोटो शनिवारी ठेवले, कारण उजेड तेव्हाच मिळतो. संध्याकाळच्या दिव्यात निळं कापड काळं दिसतं आणि मग "रंग नक्की कुठला?" असे दहा निरोप येतात. फोटो आणि नवी वही विक्रीला टाकणं मिळून दीड तास. सामानाची मोजणी आणि खरेदी एक तास. बेरीज अठरा तासांच्या आसपास येते. दोन तास मोकळे सोडलेत, शनिवारी एक आणि रविवारी एक. ते भरायचा मोह होतोय.

३ फेब्रुवारी, सोमवार

पाठवलेल्या चारपैकी एका वहीचा फोटो आला. होडी. नवी वही पाठवते म्हटलं, बाकीच्या तिघांनाही आपणहून कळवलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आखणी एक आठवडा टिकली. बारा वह्या झाल्या. तरीही निरोपांमध्ये एकच प्रश्न : "माझी वही कधी मिळेल?" मी सवयीने "आठवडाभरात" म्हणते. आज न पाठवलेल्या सगळ्या ऑर्डरी मोजल्या, ३१ वह्या.

यासाठी एक साधं सूत्र आहे, जॉन लिटल यांनी १९६१ साली ते गणिताने सिद्ध केलं. हातात असलेली कामं भागिले कामं संपण्याचा वेग, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारा वेळ. ३१ भागिले १२ म्हणजे २.६ आठवडे. मी कितीही धावपळ केली तरी ३१ वह्या हातात असताना "आठवडाभर" खोटंच आहे. सूत्र सरासरीचं आहे आणि वेग साधारण स्थिर असेल तरच उपयोगी, म्हणून २.६ चे तीन केले, आणि पार्सलं आठवड्यातून एकदाच निघतात म्हणून वर आणखी एक. चार आठवडे. जिथे जिथे "आठवडाभरात" लिहिलं होतं तिथे तिथे बदललं, आणि आत्ता थांबलेल्या सगळ्यांना एकेक तारीख कळवली. दोघांनी ऑर्डर रद्द केली. बाकीच्यांचे "कधी?" बंद झाले.

हा आकडा दर गुरुवारी पुन्हा काढायचा. ऑर्डरी ३६ च्या वर गेल्या की वरचा एक आठवडा धरून चार आठवड्यांत बसणार नाहीत, तेव्हा नवी ऑर्डर घेणं थांबवायचं किंवा तारीख पुढे सांगायची.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कागदपत्रांबद्दल. आधी ती रविवारी शेवटी असायची. आठवड्यात जे जे लांबतं ते सगळं रविवारी येऊन साचतं आणि कागदपत्रं बाहेर ढकलली जातात, म्हणून तर महिन्यात जेमतेम तीनेक तास त्यांना मिळत होते. गुरुवारी प्रेस रिकामी, गोंद बंद, पाठी वाळताहेत, टेबल मोकळं. वह्यांना हात लावायला निमित्तच नाही.

क्रम ठरलेला आहे आणि तो बदलत नाही. आधी पैसे आणणारं काम : गेल्या सोमवारी गेलेल्या पार्सलांची बिलं, ओळीने क्रमांक देऊन. मग कोणाचे पैसे यायचे राहिलेत ते बँकेच्या नोंदींशी ताडून पाहणं आणि मुदत उलटलेल्यांना दोन ओळींची आठवण. मग खरेदीच्या पावत्या. त्या आठवडाभर एकाच मोठ्या पाकिटात पडतात, गुरुवारी वहीत चढतात आणि महिन्याच्या पाकिटात जातात. शेवटी कराच्या पुढच्या तारखेकडे एक नजर. दीड तास संपला की अर्धवट असलं तरी उठायचं. क्रम असा असल्यामुळे अर्धवट राहतं ते पावत्यांचं काम, बिलांचं नाही.

आज त्या दुकानाचं डिसेंबरचं बिल अखेर गेलं. त्यांनी उलट विचारलं, "आम्हाला वाटलं भेट दिल्यात!"

२० फेब्रुवारी, गुरुवार

मंगळवार बुडाला, ताप होता. पूर्वीसारखं मंगळवारचं बुधवारी, बुधवारचं गुरुवारी असं सरकवायला गेले आणि थांबले. सरकवलं की पहिला बळी कागदपत्रांचा. त्याऐवजी घाणाच अर्धा केला. या आठवड्यात सहाच वह्या शिवल्या, उरलेले ४८ फर्मे दाबाखाली ठेवले, पुढच्या सोमवारी त्यातले उरतील तेवढ्या घड्या कमी. चार आठवड्यांच्या बोलीत हा धक्का मावतो, एका आठवड्याच्या बोलीत मावला नसता.

शनिवारच्या मोकळ्या तासात त्यातल्या दोन वह्या शिवून टाकेन. तो तास भरला नव्हता ते बरं झालं.

४ मार्च, मंगळवार

एका दुकानाने चाळीस वह्या मागितल्या. महिन्याभरापूर्वी मी आनंदाने हो म्हणून मोकळी झाले असते. बाराने भागलं तर सव्वातीन आठवड्यांहून जास्त काळ दुसऱ्या कोणाचंच काम नाही, आणि एकेक वही घेणारी माणसं तेवढ्यात निघून जातील. म्हणून त्यांना आठवड्याला सहा असं सांगितलं. अर्धा घाणा त्यांचा, अर्धा बाकीच्यांचा, सात आठवड्यांत पूर्ण. बाकीच्यांचा वेग मग आठवड्याला सहाच उरतो, म्हणून नव्या ऑर्डरींची तारीख आजपासूनच पुढे सांगायला लागले. दुकानवाले म्हणाले, थोड्या थोड्या आल्या तर आम्हालाही ठेवायला सोपं.

१६ मार्च, रविवार

जानेवारीत केली तशीच नोंद या आठवड्यात परत केली, तोच कागद, तीच अक्षरं. बनवणं १० तास ५० मिनिटं, निरोप आणि विक्री ३ तास ५, पॅकिंग २ तास १०, कागदपत्रं १ तास २५, खरेदी ५० मिनिटं, मांडामांड ४५ मिनिटं. एकूण १९ तास ५ मिनिटं. वह्या बारा.

निरोप अजून ठरलेल्या वेळेच्या बाहेर सांडतात. बुधवारी शिवताना दोनदा फोन हातात घेतला, कागदावर दोन "न" दिसताहेत. मंगळवार-बुधवार फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहणार.

काकांनी त्यांची जुनी प्रेस देऊ केली. नको म्हटलं. बारा वह्यांना एक प्रेस पुरते, अडतंय ते शिवणापाशी. पण सोमवारच्या घड्या आणि भोकं कोणी दुसऱ्याने केली तर सोमवारची संध्याकाळ आणखी सहा वह्या शिवायला मोकळी होते. तेव्हा शनिवार-रविवारची मोकळीक संपेल आणि प्रेसचा तिसरा भार सोमवारी घालावा लागेल, तेही लिहून ठेवते.

२४ मार्च, सोमवार

शेजारच्या मुलीला घड्या घालून पाहायला दिल्या, मजुरी फर्म्यामागे. ४८ फर्मे आले. त्यातले दहा तपासले : चारही कागद नीट सरळ, पण घडी नुसती बोटाने दाबलेली, पट्टी फिरवलेली नाही. अशा आठ फर्म्यांची पाठ जाड होते आणि कव्हराच्या मापात बसत नाही. आज संध्याकाळी तिला बोलावलंय, पट्टी कशी धरायची ते दाखवायला. सगळे फर्मे मीच परत दाबले, चाळीस मिनिटं गेली, "म" मध्ये लिहिली.